मोडी लिखाणातील शब्दतोड

मोडी लिखाणातील शब्दतोड म्हणजे मोडी लिपीत सलग, दोन शब्दांमध्ये जागा न सोडता लिहिलेल्या मजकुरातील शब्दांच्या सीमा ठरवून तो मजकूर सुट्या शब्दांत मांडणे. यालाच पदच्छेद किंवा शब्द सोडवणे असेही म्हणतात. मोडी कागदाचे देवनागरीत लिप्यंतर करताना अक्षर ओळखणे ही पहिली पायरी असते आणि शब्दतोड ही दुसरी. प्रत्यक्षात या दोन्ही पायऱ्या एकमेकींवर अवलंबून असतात. अक्षर अस्पष्ट असले तर शब्द कळल्यावर ते लागते आणि शब्द संशयित असला तर अक्षर पुन्हा तपासावे लागते.

संस्कृतातील पदच्छेदात संधी सोडवून मूळ वर्ण परत आणावे लागतात. मोडीतील मराठी मजकुरात तशी गरज क्वचितच पडते. येथे एकही अक्षर बदलत नाही, फक्त रेघ कोठे ओढायची हे ठरते. परंतु तेवढ्यानेच हुकमाचा अर्थ नेमका उलटा होऊ शकतो. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनासंबंधी ‘ध’चा ‘मा’ केल्याची जी आख्यायिका सांगितली जाते, तिच्यात निदान एक अक्षर तरी बदलावे लागते. शब्दतोडीच्या चुकीत मूळ कागद जसाच्या तसा राहतो, बिघाड फक्त वाचणाऱ्याकडून होतो.

## सलग लेखनाचे स्वरूप

मोडी लिहिताना लेखनिक आधी पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवी शिरोरेषा आखून घेत असे आणि मग त्या रेषेखाली अक्षरे लिहीत जाई. आजच्या देवनागरीत शिरोरेषा शब्दागणिक तुटते, त्यामुळे शब्द कोठे संपला हे रेषेवरूनच समजते. मोडीत रेषा आधीच आखलेली असल्याने ती तुटण्याचा प्रश्नच येत नाही. त्यात लेखणी शक्यतो न उचलता एक अक्षर दुसऱ्यात वळवण्याची रीत असल्यामुळे दोन शब्दांच्या मध्येही अक्षरे तशीच जोडलेली दिसतात.

बोरूत शाई भरण्यासाठी लेखनिकाला मधूनमधून हात उचलावा लागे. अशा ठिकाणी आधीचे अक्षर फिकट आणि पुढचे गडद दिसते. नवखा वाचक या खुणेला शब्दाचा शेवट समजतो. परंतु शाई शब्दाच्या मध्येही संपते, म्हणून या खुणेवर तोड करणे सुरक्षित नसते. याचप्रमाणे ओळीच्या शेवटावरही विसंबता येत नाही. ओळ कागदाच्या कडेपर्यंत भरायची असल्याने शब्द अर्ध्यावर तुटतो आणि त्याचे उरलेले अक्षर पुढच्या ओळीच्या आरंभी येते. अशा तुटीसाठी आजच्यासारखी जोडरेघ वापरली जात नसे.

मोडीच्या आणखी दोन गोष्टींमुळे शब्दतोड कठीण होते. एक म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो. दुसरी म्हणजे अनुस्वार अनेकदा दिलेला नसतो. बाळबोध लेखनात ‘करूं’ वरील अनुस्वार पाहून शब्द तेथे संपला असे म्हणता येते, मोडीत तो आधार बहुधा मिळत नाही. विरामचिन्हेही नसतात, त्यामुळे वाक्याचा शेवटही मजकुरावरूनच शोधावा लागतो.

बाळबोध पोथ्यांमध्येही शब्द सलग लिहिले जात. तेथे मात्र ओवीच्या किंवा श्लोकाच्या शेवटी दंड असतो आणि यमकामुळे चरणाचा शेवट लागतो. मोडीतील पत्र, सनद, ताकीद किंवा खरेदीखत हे गद्य असते आणि त्यात असा ठोका नसतो.

## खान्देशातील कागद

मोडी कागदांचे मोठे साठे पुणे, कोल्हापूर यांसारख्या शहरांत असले, तरी या अभ्यासाशी खान्देशाचा जुना संबंध आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचे संपादक इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा मृत्यू ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे झाला. त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी पुढच्याच वर्षी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. राजवाड्यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या साधनांच्या खंडांतील मोडी पत्रे छापताना देवनागरीत, सुट्या शब्दांत मांडली गेली. म्हणजे आजचा वाचक छापील साधनग्रंथात जी जागा सहज पाहतो, ती मूळ कागदावर नसून संपादकाने ठरवलेली असते.

खान्देशाच्या बाजारपेठांपैकी धरणगाव हे एक जुने ठिकाण आहे. कापडाच्या व्यापारामुळे इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीने १६७४ मध्ये येथे वखार घातली होती. पुढे १८२५ मध्ये जेम्स आउट्रम याने भिल्ल पलटण उभी केली, तिचे ठाणेही येथे होते. अशा पेठेच्या भोवतालच्या गावांतून जकात, इजारा, सावकारी, वतन आणि शेतजमिनीची खरेदी यांसंबंधीचे कागद निर्माण होत. ते मोडीतच लिहिले जात.

या भागातील गावांच्या नावांवरून शब्दतोडीचा एक साधा नमुना घेता येतो. धरणगाव आणि त्याच तालुक्यातील सोनवद ही दोन नावे ‘व’ या अव्ययाने जोडून सलग लिहिली तर ‘धरणगाववसोनवद’ असे दिसते. यात ‘व’ तीन वेळा आला आहे. पहिला ‘गाव’ या शब्दाचा शेवट आहे, दुसरा ‘आणि’ या अर्थाचा आहे आणि तिसरा ‘सोनवद’ या नावाच्या पोटात आहे. गावाचे नाव ठाऊक नसलेला वाचक ‘सोन व द’ अशी तोड करून तिसऱ्या, अस्तित्वात नसलेल्या गावाचा शोध घेऊ लागतो. उलट लेखनिकाकडून लागोपाठच्या दोन ‘व’पैकी एक राहून गेला, तर दोन गावांचे एकच जोडनाव तयार होते.

बोलीचाही परिणाम होतो. कुळकर्णी किंवा कारकून दफ्तरी मराठी लिहीत. मात्र व्यापाऱ्याच्या किंवा घरगुती टिपणात अहिराणीचे रूप आले, तर बाहेरच्या वाचकाची फसगत होते. अहिराणीत षष्ठीचा प्रत्यय ‘ना’, ‘नी’ असा आहे. ‘गावनापाटील’ याची तोड ‘गावना पाटील’, म्हणजे गावाचा पाटील, अशी आहे. अहिराणी न जाणणारा येथे नकार वाचतो. तसेच चतुर्थीचा ‘ले’ हा प्रत्यय, जसे ‘गावले’ म्हणजे गावाला, पुढच्या क्रियापदाला चिकटवला जाण्याचा संभव असतो.

## शब्दतोडीची पद्धत

अनुभवी वाचक सलग मजकूर डावीकडून उजवीकडे एकेक शब्द तोडत जात नाहीत. आधी जेथे शंका नाही तेथे रेघा मारायच्या आणि मग उरलेल्या तुकड्यांकडे वळायचे, असा क्रम ठेवला जातो.

पहिल्यांदा अक्षरे जशी दिसतात तशी, जागा न सोडता, देवनागरीत उतरवून घेतात. प्रत्येक ओळीला क्रमांक देतात आणि मूळ ओळ जेथे संपते तेथेच उतारा संपवतात. अस्पष्ट अक्षराच्या जागी टिंब ठेवतात. या टप्प्यावर तोड केली तर पुढची अक्षरे मनात धरलेल्या शब्दाप्रमाणे दिसू लागतात, म्हणून हा उतारा वेगळा जपून ठेवणे हिताचे असते.

दुसऱ्या टप्प्यात ठराविक शब्दबंध वेगळे काढतात. मोडी पत्रव्यवहार अत्यंत साचेबद्ध आहे. आरंभीचा मायना, ‘विनंति ऐसीजे’, ‘साहेबांचे सेवेसी’, ‘बहुत काय लिहिणे’, ‘जाणिजे’, ‘लेखनसीमा’, ‘मोर्तब सुद’ अशा शब्दबंधांच्या जागाही ठरलेल्या असतात. ते ओळखले की पत्राचे तोंड आणि शेपूट सुटते आणि मधला खरा मजकूर तेवढा उरतो. ‘मौजे’, ‘कसबे’, ‘परगणे’, ‘तर्फ’ या शब्दांनंतर स्थळनाव येणार हे निश्चित असते. हे शब्द पुष्कळदा एका अक्षराने आणि खुणेने संक्षेपात लिहिलेले असतात. संक्षेपाची खूण असली तर तेथे शब्दसीमा आपोआप मिळते.

तिसऱ्या टप्प्यात तारीख सोडवतात. पेशवाईतील कागदांत सुहूर सन अरबी अंकनामांनी लिहिलेला असतो. ‘अर्बासबैनमयावअलफ’ ही अक्षरे प्रथम पाहणाऱ्याला अर्थहीन वाटतात. अर्बा म्हणजे ४, सबैन म्हणजे ७०, मया म्हणजे १०० आणि अलफ म्हणजे १०००, हे माहीत असले की ‘अर्बा सबैन मया व अलफ’ अशी तोड होते आणि सन ११७४ मिळतो. सुहूर सन मृग नक्षत्राच्या सुमारास बदलतो. त्यामुळे वर्षाच्या पहिल्या भागासाठी ५९९ आणि जानेवारीनंतरच्या भागासाठी ६०० मिळवून इसवी सन काढतात. ११७४ हा सन १७७३-७४ चा ठरतो. येथे तोड बरोबर आहे की नाही हे बेरीज करून पाहता येते. सनापूर्वीचे ‘छ’ हे अक्षर चंद्र म्हणजे चांद्र तारीख दाखवते. त्यापुढे आकडा आणि मग महिन्याचे नाव येते.

चौथ्या टप्प्यात मधल्या मजकुरातील क्रियापदे शोधतात. मराठी वाक्य बहुधा क्रियापदाने संपते. ‘देणे’, ‘करणे’, ‘असे’, ‘केले’, ‘पाठविले’ अशी रूपे सापडली की त्यांच्यानंतर वाक्यसीमा असण्याचा संभव असतो. प्रत्येक वाक्यात मग नामे आणि त्यांचे विभक्तिप्रत्यय पाहून उरलेली तोड करतात. ज्या जागी दोन तोडी संभवतात तेथे लगेच निर्णय न घेता खूण करून पुढे जातात.

## संदिग्ध जागा

शंकेच्या बहुतेक जागा थोड्याच अक्षरांभोवती येतात. ‘व’, ‘स’ आणि ‘न’ ही त्यांतील प्रमुख आहेत. तिन्ही अक्षरे एकटी असताना व्याकरणाचे काम करतात आणि इतर वेळी शब्दाचा भाग असतात.

‘व’ हे उभयान्वयी अव्यय आहे, पण वतन, वसूल, वहिवाट, वकील हे दफ्तरातील नेहमीचे शब्द ‘व’नेच सुरू होतात. ‘कुळकर्णवतन’ येथे ‘व’ तोडला तर ‘तन’ उरते आणि वाक्य लंगडे पडते, म्हणून ही चूक लवकर सापडते. ‘ववतन’ असे दोन ‘व’ अपेक्षित असताना एकच लिहिलेला असेल, तर मात्र कुळकर्णी आणि वतन या दोन वेगळ्या बाबी होत्या की एकच, हे दुसऱ्या कागदावरून ठरवावे लागते.

‘स’ हा द्वितीया-चतुर्थीचा प्रत्यय नामाच्या शेवटी येतो आणि तो पुढच्या शब्दाचे पहिले अक्षर म्हणूनही वाचता येतो. याचे चांगले उदाहरण खरेदीखतातील चतुःसीमेत मिळते. ‘उत्तरेसनदी’ याची एक तोड ‘उत्तरेस नदी’ आणि दुसरी ‘उत्तरे सनदी’, म्हणजे उत्तरेला सनदी जमीन, अशी होऊ शकते. पहिल्या वाचनात शेताची हद्द पाण्यापर्यंत जाते, दुसऱ्यात ती सनदेने दिलेल्या जमिनीच्या बांधावर थांबते. येथे इतर तीन दिशा कशा लिहिल्या आहेत हे पाहतात. ‘पूर्वेस’, ‘पश्चिमेस’, ‘दक्षिणेस’ असा प्रत्यय सर्वत्र असला तर ‘उत्तरेस नदी’ हे वाचन बळकट होते. तरीही ‘उत्तरेस सनदी’ लिहिताना लेखनिकाचा एक ‘स’ राहिला असण्याची शक्यता उरते. ती दूर करण्यासाठी गावाचा नकाशा किंवा उत्तरेकडच्या शेजाऱ्याच्या खताची दक्षिण सीमा पाहावी लागते.

‘न’ हे अक्षर सर्वांत धोक्याचे आहे. ते नकार दाखवते आणि ‘ऊन’ प्रत्ययाच्या धातुसाधितात शेवटचे अक्षरही असते. ‘करून देणे’ आणि ‘करू न देणे’, ‘जाऊन देणे’ आणि ‘जाऊ न देणे’, ‘येऊन देणे’ आणि ‘येऊ न देणे’ या जोड्या सलग लिहिल्यावर तंतोतंत सारख्या दिसतात. ‘व’ किंवा ‘स’ची चूक झाली तर बहुधा एखादा निरर्थक तुकडा उरतो आणि चूक उघडी पडते. ‘न’च्या बाबतीत दोन्ही तोडींतून शुद्ध मराठी वाक्य तयार होऊ शकते.

## एका ताकिदीची तोड

पुढील मजकूर कोणत्याही उपलब्ध कागदाचा उतारा नाही. पेशवेकालीन ताकिदीच्या साच्यावर, पद्धत समजावी म्हणून तो रचलेला आहे. परगण्याच्या कमाविसदाराला वरून आलेला हा हुकूम आहे असे धरावे. ओळी मूळ कागदाप्रमाणे मध्येच तुटलेल्या आहेत.

(१) मौजेसोनवदयेथीलजकातीचाऐवजनाईकमजकू

(२) रमागतोत्यासवसूलकरूनदेणेवमागीलघेत

(३) लाअसेलतोमाघारादेवविणेयेविसीफिरोनबो

(४) भाटयेऊनदेणेजाणिजेछ७जमादिलाखरसु॥

(५) अर्बासबैनमयावअलफ

प्रथम शेवट सोडवतात. ‘जाणिजे’ हा हुकमाचा समारोप आहे. त्यानंतर चंद्र ७, महिना जमादिलाखर आणि सुहूर सन ११७४ असा क्रम लागतो. आरंभी ‘मौजे’ आहे, म्हणून त्यापुढे गावाचे नाव अपेक्षित आहे आणि ‘सोनवद’ सुटते. येथील ‘व’ अव्यय नाही.

यानंतर ओळींचे सांधे पाहतात. दुसरी ओळ एकटी वाचली तर ‘रमा गतो’ असे काहीतरी दिसते आणि रमा नावाच्या बाईचा भास होतो. पहिल्या ओळीच्या शेवटच्या ‘मजकू’शी ‘र’ जोडला की ‘नाईक मजकूर मागतो’ हे वाक्य मिळते. ‘मजकूर’ म्हणजे वर सांगितलेला. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या सांध्यावर ‘घेतला’ हा शब्द तुटला आहे. चौथ्या ओळीचा आरंभ अधिक फसवा आहे. ‘भाट येऊ न देणे’ असे वाचले तर कोणा भाटाला गावात येण्यास मनाई केल्यासारखे होते. तिसऱ्या ओळीच्या शेवटी ‘बो’ आहे हे ध्यानात घेतल्यावर ‘बोभाट’ हा शब्द जुळतो. बोभाट म्हणजे तक्रार, गवगवा. ‘येविसी फिरोन बोभाट येऊ न देणे’ हा ताकिदींच्या शेवटी येणारा नेहमीचा शब्दबंध आहे, म्हणून येथील ‘न’ नकाराचा आहे याबद्दल शंका राहत नाही.

आता फक्त दुसऱ्या ओळीतील ‘त्यासवसूलकरूनदेणे’ उरते. ‘त्यास वसूल करून देणे’ म्हणजे नाइकाला जकातीचा ऐवज वसूल करून द्या. ‘त्यास वसूल करू न देणे’ म्हणजे नाइकाला वसुली करू देऊ नका. ‘त्यास’ ही चतुर्थी दोन्ही वाक्यांत बसते, व्याकरण दोन्हींना मान्यता देते आणि दफ्तरी भाषेत दोन्ही प्रकारचे हुकूम निघत. या वाक्यात पाहत राहून निर्णय होणे शक्य नाही.

निर्णय पुढच्या वाक्याने होतो. ‘व मागील घेतला असेल तो माघारा देवविणे’, म्हणजे त्याने पूर्वी जो ऐवज घेतला असेल तो परत देण्यास लावा. ज्याच्याकडून घेतलेला पैसा परत करवायचा, त्यालाच नवा ऐवज वसूल करून द्या असे एकाच हुकमात सांगितले जाणार नाही. म्हणून तोड ‘करू न देणे’ अशीच करावी लागते. पूर्ण मजकूर असा लागतो: मौजे सोनवद येथील जकातीचा ऐवज नाईक मजकूर मागतो. त्यास वसूल करू न देणे व मागील घेतला असेल तो माघारा देवविणे. येविसी फिरोन बोभाट येऊ न देणे. जाणिजे.

याच ताकिदीत पुढचे वाक्य ‘व मागील राहिला असेल तोही देवविणे’ असे असते, तर मागची थकबाकीही नाइकाला मिळवून द्यायची असा अर्थ झाला असता. मग ती अक्षरे जशीच्या तशी राहूनही तोड ‘करून देणे’ अशी करावी लागली असती. दोन्ही प्रसंगी त्या अक्षरांत कोणताही फरक नाही. नाइकाचा हक्क मान्य झाला की फेटाळला गेला, हे शेजारच्या वाक्यावर ठरते. म्हणूनच हुकमातील सुटे वाक्य उद्धृत करताना त्याच्या मागचे-पुढचे वाक्य दिले नसेल, तर त्या अवतरणावर विसंबून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

## चुकीची तोड ओळखण्याच्या खुणा

तोड चुकल्याचे सर्वांत सामान्य लक्षण म्हणजे एक किंवा दोन अक्षरांचा निरर्थक तुकडा उरणे. असा तुकडा दिसला की नवखा वाचक त्याला अपरिचित फारसी शब्द किंवा आडनाव समजून सोडून देतो. त्याऐवजी आधी त्याच्या दोन्ही बाजूंची सीमा एकेक अक्षराने सरकवून पाहतात. त्यानेही अर्थ लागला नाही तरच कोशाकडे वळतात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि माधवराव पटवर्धन यांचा फारसी-मराठी कोश यांचा अशा वेळी उपयोग होतो.

दुसरे लक्षण म्हणजे वाक्यात एखादी व्यक्ती, गाव किंवा जात अचानक अवतरणे आणि पुन्हा कोठेही न येणे. वरच्या उदाहरणातील रमा आणि भाट ही अशीच निर्मिती आहे. असे नाव ओळीच्या आरंभी असले तर संशय अधिक घ्यावा लागतो.

तिसरे लक्षण परस्परविरोधाचे आहे. हुकमाचा पूर्वार्ध एक सांगतो आणि उत्तरार्ध त्याच्या उलट, असे वाटले तर लेखनिकाला दोष देण्यापूर्वी ‘न’ची प्रत्येक जागा पुन्हा तपासतात. एकाच हुकमाच्या नकला वेगवेगळ्या ठिकाणी सापडल्या तर त्यांचा मोठा आधार मिळतो. दुसऱ्या लेखनिकाने ‘करू न देणे’ ऐवजी ‘घेऊ देऊ नये’ असे लिहिले असेल, तर प्रश्न तेथेच मिटतो.

## लिप्यंतरातील नोंद

शब्दतोड हा संपादकाचा निर्णय असल्याने तो वाचकाला तपासता यावा अशी मांडणी अपेक्षित असते. त्यासाठी सुट्या शब्दांच्या मजकुरात मूळ ओळ जेथे संपते तेथे उभी रेघ देतात. लेखनिकाकडून राहिलेले अक्षर संपादकाने भरले असेल तर ते चौकटी कंसात ठेवतात, जसे ‘उत्तरेस [स]नदी’. दोन तोडी सारख्याच संभवनीय असतील तर एक मजकुरात आणि दुसरी तळटीपेत दिली जाते. मूळचे शुद्धलेखन बदलत नाहीत, कारण ‘करोन’ हे रूप ‘करून’ असे सुधारले की एक पुरावाच नाहीसा होतो. एखादा लेखनिक धातुसाधित नेहमी ‘करोन’, ‘देवोन’, ‘फिरोन’ असे लिहीत असेल, तर त्याच्या हातच्या ‘करून’मध्ये ‘करू न’ असण्याची शक्यता वाढते. वरच्या ताकिदीतील ‘फिरोन’ हे रूपही त्याच निर्णयाला पुष्टी देते, मात्र एवढ्याशा एकट्या पुराव्यावर तोड ठरवली जात नाही.

## आजचा वापर आणि मर्यादा

जमिनीचे जुने वाद, वतनाचे दावे आणि वंशावळीचे पुरावे यांसाठी मोडी कागदांचे लिप्यंतर आजही मागितले जाते. मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा जुन्या महसुली दफ्तरातील मोडी नोंदी वाचणाऱ्यांची गरज ठळकपणे पुढे आली. जन्म-मृत्यूच्या नोंदवहीसारख्या कागदात रकाने आखलेले असतात. नाव, जात, तारीख वेगवेगळ्या रकान्यांत असल्याने शब्दतोडीचे बरेचसे काम रकानाच करतो आणि तेथे अडचण येते ती संक्षेपांची. सलग गद्यातील खते, करारनामे आणि ताकिदी यांत मात्र प्रत्येक सीमा वाचकालाच ठरवावी लागते.

काही जागा कोणत्याही पद्धतीने सुटत नाहीत. कागदाचा तुकडाच उरला असेल, पुढचे वाक्य वाळवीने खाल्ले असेल आणि दुसरी नक्कल नसेल, तर ‘वसूलकरूनदेणे’ एवढ्यावरून हक्क दिला की नाकारला हे सांगता येत नाही. अशा वेळी मजकूर न तोडता सलगच छापून दोन्ही अर्थ नोंदवणे हा मार्ग उरतो. न्यायालयात किंवा महसूल कार्यालयात सादर होणाऱ्या लिप्यंतरात या नोंदीला विशेष महत्त्व येते, कारण तेथे मूळ कागद वाचू न शकणारी व्यक्ती केवळ सुट्या शब्दांतील प्रत पाहून निर्णय घेत असते.